पहिली फेरी फर्मास, दुसऱ्या फेरीपासून सरबत पाणचट: प्रमाण नेमकं कुठे बिघडतं

मोठ्या कार्यक्रमात सरबताचं टेबल सांभाळलेल्या प्रत्येकाला हा अनुभव एकदा तरी आला असेल. पहिला अर्धा तास लोक पितात, तोंड पुसतात, दुसरा ग्लास मागतात. तासाभराने आलेले मात्र दोन घोट घेऊन ग्लास तसाच खाली ठेवतात. बाटली तीच, पाणी तेच, ओतणारे हातही तेच. एका कार्यक्रमात सात-आठ वर्षांची एक मुलगी ग्लास घेऊन माझ्याकडे परत आली आणि अगदी मनापासून विचारती झाली, "मावशी, यात सरबत घालायचं राहिलं का?" मी चाखलं. राहिलंच होतं म्हणायला हवं.

असं झालं की पहिला संशय कॉन्सन्ट्रेटवर जातो. मीही त्याच वाटेने गेले. आधी कॉन्सन्ट्रेट बदलून पाहिलं, मग एकास पाचऐवजी एकास चार केलं. त्याने पहिली फेरी गोडमिट्ट झाली आणि दुसरी फेरी तरीही फिक्कीच राहिली. शेवटी एका कार्यक्रमात मी चाखणं सोडून दिलं आणि वही घेऊन टेबलामागे उभी राहिले. प्रत्येक जगात काय, किती आणि कोणत्या क्रमाने पडतं ते लिहीत गेले. तासाभरात उलगडा झाला. प्रमाण बरोबरच होतं. माप घेऊन झाल्यावर जगात जे पाणी शिरत होतं, त्याचा हिशोब कुणीच ठेवत नव्हतं.

जगातल्या दोन पट्ट्या आणि तळाशी उरलेला एक ग्लास

आमची तेव्हाची पद्धत साधी होती, आणि अजूनही बरेच जण तीच वापरतात. अडीच लिटरचे जग घ्यायचे. बाहेरून दोन चिकटपट्ट्या लावायच्या. खालच्या पट्टीपर्यंत ३३० मिली कॉन्सन्ट्रेट, वरच्या पट्टीपर्यंत पाणी, म्हणजे एकूण २ लिटर. मग उरलेल्या जागेत बर्फ. एकास पाचचं प्रमाण यात चोख बसतं, पण ते कोरड्या जगात.

आता वहीतली नोंद सांगते. जग वाढून परत आला. वाढणाऱ्याने तो पूर्ण रिकामा केलेला नव्हता. तळाशी ग्लासभर, म्हणजे २०० मिलीच्या आसपास, सरबत आणि विरघळत आलेला बर्फ उरला होता. गर्दी वाढली होती, म्हणून भरणाऱ्या मुलाने त्यावरच कॉन्सन्ट्रेट ओतलं, ठरल्याप्रमाणे खालच्या पट्टीपर्यंत. पण पट्टीखालची २०० मिलीची जागा आधीच भरलेली होती. जगात गेलं फक्त १३० मिली कॉन्सन्ट्रेट. उरलेल्या सरबतात मूळचं कॉन्सन्ट्रेट जेमतेम ३० मिली असेल. म्हणजे जिथे ३३० हवं तिथे १६० मिली. मग वरच्या पट्टीपर्यंत पाणी, वर बर्फ, एकदा ढवळलं आणि जग बाहेर गेला. बरोबर निम्म्या ताकदीचं सरबत.

पुढच्या फेरीलाही तेच. गंमत अशी, की सरबत त्यानंतर फारसं उतरत जात नाही. प्रत्येक वेळी ग्लासभर उरलं तर कॉन्सन्ट्रेट १५० मिलीपाशी येऊन ठरतं. म्हणूनच तक्रार दुसऱ्या फेरीपासून सुरू होते आणि शेवटपर्यंत एकसारखी राहते. लोकांना वाटतं, मुद्दाम पाणी वाढवलं. भरणाऱ्याने मात्र प्रत्येक वेळी पट्टी पाहूनच भरलेलं असतं, म्हणून तो शपथेवर सांगतो की माप चुकलेलं नाही. दोघांचंही खरं असतं.

हे लक्षात न येण्याचं आणखी एक कारण म्हणजे स्टीलचे जग. आतलं दिसत नाही. आणि पारदर्शक जगातसुद्धा तळाचं उरलेलं सरबत गर्दीच्या वेळी कॉन्सन्ट्रेटसारखंच दिसतं.

पट्टीऐवजी मापाच्या भांड्याने कॉन्सन्ट्रेट घालत असाल तर चूक उलट्या बाजूला जाते. ३३० मिली मोजून घातलं, तळाशी सरबत होतंच, वर पट्टीपर्यंत पाणी. म्हणजे सरबत थोडं जास्तच दाट. "आमच्याकडे शेवटी शेवटी गोड होत जातं" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, माप भांड्याने घेता की पट्टीने?

बर्फ हे पाणीच आहे, पण उशिरा येणारं

दुसरी चूक बर्फाची. ती पहिल्या फेरीतही होते, फक्त खपून जाते.

एकास पाच प्रमाण बांधून वरून बर्फ टाकला, तर तो वितळल्यावर एकास पाच कुठे राहिलं? किती वितळतो, हे पाण्याच्या उष्णतेवर ठरतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खेचून घेतो, तेवढ्यात चार किलो पाणी साधारण २० अंशांनी थंड होतं. म्हणून २८ अंशांचं साधं पाणी वापरून सरबत ८ अंशांपर्यंत गार करायचं असेल, तर २ लिटरच्या जगात सुमारे ३५० ग्रॅम बर्फ वितळणारच. तो नाही वितळला, तर सरबत गारही झालेलं नाही. वितळेल पण पाणी वाढणार नाही, असा बर्फ मिळत नाही.

साखरेच्या भाषेत सांगायचं तर गोड कॉन्सन्ट्रेटमध्ये वजनाने ६० टक्के साखर धरली, तर एकास पाच सरबतात ती साधारण १२ टक्के उतरते. वरून टाकलेला ४०० ग्रॅम बर्फ वितळला की १० टक्के. हे अजून चालतं, थोडं हलकं लागतं इतकंच. पण हाच बर्फ निम्म्या ताकदीच्या जगात पडला की साखर ५ टक्क्यांवर येते, आणि मग ती मुलगी ग्लास घेऊन परत येते.

त्यात जीभही फसवते. गार पदार्थ कमी गोड लागतो. सकाळी पातेल्यापाशी कोमट सरबत चाखून "फार गोड झालं, पाणी घाला" म्हणणारे एक काका प्रत्येक कार्यक्रमात असतातच. त्यांचं ऐकायचं नाही. चव घ्यायची तर एक जग पूर्ण तयार करून, बर्फ वितळू देऊन, गार झाल्यावर घ्यायची. आणि चाखणारा माणूस नुकताच गोड खाऊन आलेला नको.

बाटलीवरचं प्रमाण नीट वाचणं

हे थोडक्यात. "एकास पाच" म्हणजे एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि पाच भाग पाणी, एकूण सहा भाग. काही जण त्याचा अर्थ "पाच भागांत एक भाग" असा घेतात. मग २ लिटरच्या जगात ३३० ऐवजी ४०० मिली जातं आणि पाच बाटल्यांमागे एक बाटली जास्त खर्च होते. बाटलीवर किती लिटर सरबत होतं ते लिहिलेलं असेल तर वाद तिथेच मिटतो. ७५० मिलीच्या बाटलीत साडेचार लिटर होतं असं लिहिलं असेल, तर साडेचार लिटर म्हणजे ७५० मिलीचे सहा भाग; म्हणजे एक अधिक पाच.

आणि हे सगळे भाग आकारमानाने आहेत, वजनाने नाहीत. दाट गोड कॉन्सन्ट्रेटचं एक लिटर वजनाला सुमारे १.३ किलो भरतं. कुणी वजनकाट्यावर ३३० ग्रॅम मोजलं, तर प्रत्यक्षात अडीचशे मिलीच पडतं.

मी आता काय करते: आधी अर्धवट मिश्रण

नवी पद्धत अशी. पूर्ण सरबत पातेल्यात बनवायचं नाही आणि निखळ कॉन्सन्ट्रेट जगात घालायचं नाही. सकाळी मोठ्या पातेल्यात कॉन्सन्ट्रेट आणि पाणी समसमान घेऊन एक मिश्रण करून ठेवायचं. आम्ही त्याला "मधलं" म्हणतो. जगात जायचं ते हे मधलं. एक भाग मधलं आणि दोन भाग पाणी, बर्फ धरून. हिशोब तोच राहतो: मधल्याच्या दोन भागांत एक कॉन्सन्ट्रेट, एक पाणी, वर चार भाग पाणी, एकूण एकास पाच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तीन गोष्टी एकदम सुटतात.

एक म्हणजे ढवळणं. दाट कॉन्सन्ट्रेट पाण्यापेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि गार पाण्यात तर आणखी हट्टी होतं. वरचे चार ग्लास फिक्के जातात आणि शेवटच्या दोन ग्लासांत गोळीबंद गोडवा उतरतो. एकाच जगातून वाढलेल्या ग्लासांचे रंग वेगळे दिसले तर दोष प्रमाणात नाही, ढवळण्यात आहे. मधलं मिश्रण पातळ असतं, लांब दांड्याच्या डावाने तळापासून वर तीन-चार वेळा ओढलं की मिसळतं.

दुसरं म्हणजे हात चुकला तरी फटका निम्मा. ३३० मिलीच्या मापात २० मिली कमी पडलं तर सहा टक्के फरक. ६७० मिलीच्या मापात तीनच टक्के. जगाच्या तळाशी उरलेलं सरबतही इथे कमी छळतं. तोच ग्लासभर, २०० मिली, उरला आणि वर पट्टीपर्यंत मधलं भरलं, तर ताकद निम्म्यावर न येता ऐंशी टक्क्यांवर थांबते. तरीही उरलेल्यावर भरू नये, पण गर्दीत भरलं गेलंच तर अब्रू जात नाही.

तिसरं, बाटल्यांना चिकटलेला माल. रिकाम्या वाटणाऱ्या बाटल्या एकदा उलट्या ठेवून मी जमलेलं मोजलं होतं. अठरा बाटल्यांतून जवळजवळ एका जगाचं कॉन्सन्ट्रेट निघालं. मधलं करताना त्याच्याच वाट्याचं पाणी बाटल्यांत घालून, खळखळून, पातेल्यात ओततो. वाया काही जात नाही आणि प्रमाणही ढळत नाही.

पातेलं स्टीलचं घ्यावं. आंबट कॉन्सन्ट्रेट अॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई नसलेल्या पितळेत तासन्‌तास ठेवणं बरं नाही.

बर्फ आधी, पाणी नंतर

हीच या सगळ्यातली किल्ली आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

जगात खालच्या पट्टीपर्यंत मधलं घालायचं. मग बर्फ. आणि त्यानंतर वरच्या पट्टीपर्यंत पाणी. पूर्वी आम्ही पाण्याने २ लिटरची पट्टी गाठून वर बर्फ टाकायचो. आता बर्फ आत असतानाच पट्टी गाठतो. फक्त क्रम बदलला, पण त्याने बर्फाचा हिशोब आपोआप होतो.

कारण शाळेतलंच आहे. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. तो वितळला की तेवढ्याच वजनाचं पाणी होतं आणि बाजूला सारलेल्या जागेत बसतं. म्हणून तरंगता बर्फ वितळल्यावर पातळी बदलत नाही. सरबत पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे पातळी नावापुरती वर येते, जगामागे दहा-वीस मिली. तिचा विचार करायची गरज नाही. म्हणजे बर्फ किती टाकला, ३०० ग्रॅम की ४००, याने शेवटचं प्रमाण बदलत नाही. जास्त बर्फ पडला तर पाणी आपोआप तेवढं कमी मावतं. कुणालाही बर्फ तोलत बसावं लागत नाही, आणि फोडलेल्या लादीला सुटलेलं पाणी सोबत गेलं तरी बिघडत नाही.

अट एकच: बर्फ तरंगता हवा. जग बर्फाने ठासून भरला, तुकडे तळापासून एकावर एक अडकून पट्टीच्या वर डोकावायला लागले, तर हा नियम लागू होत नाही. अडकलेला बर्फ वितळला की पातळी वर चढते आणि तेवढं पाणी जास्तीचं असतं. ओळखायचं कसं? डाव घालून बर्फ खाली दाबा. सोडल्यावर तुकडे उसळून मोकळे वर आले तर ठीक. कुरकुर आवाज करत जागच्या जागी राहिले तर थोडा काढा.

आणखी एक. पाणी घातल्या घातल्या सरबत जरा दाट लागतं, कारण बर्फाच्या वाट्याचं पाणी अजून आलेलं नसतं. १२ ऐवजी १४-१५ टक्के साखर असते तेव्हा. बारीक फोडलेला बर्फ असेल आणि ढवळलं, तर काही मिनिटांत बहुतेक वितळतो. म्हणून मी तयार जगांची रांग ठेवते: भरलेला जग रांगेच्या शेवटी उभा करायचा आणि वाढायला रांगेतला पहिला उचलायचा. तीन-चार जगांची रांग असली की वेळ आपोआप मिळतो. मोठे खडे असतील तर जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून लादी नीट बारीक फोडून घ्यावी.

पाणी आधीच गार असेल, समजा १० अंशांचं, तर जगाला १०० ग्रॅम बर्फ पुरतो. जास्त टाकला तर तो वितळत नाही, सरबत दाटच राहतं, आणि वितळायचा बर्फ तळाशी उरतो. म्हणजे पुन्हा पहिला घोळ. गार पाणी असेल तेव्हा बर्फाच्या बाबतीत हात आखडता घ्या.

परत आलेला जग

रिकामा जग आला की तो उलटा करायचा. दुसरा नियम नाही. तळाचं सरबत एका वेगळ्या भांड्यात, गाळणीवरून. बर्फ गाळणीत राहतो आणि तो टाकून द्यायचा. भांड्यात जमलेलं सरबत ताकदीने बरोबरच असतं, त्यामुळे ते तयार जगात वरून घालायला हरकत नाही, फक्त जग पट्टीपर्यंत भरून झाल्यावर. वाढणाऱ्यांच्या हातातले जग बदलून द्यायचे, त्यांच्यासमोर भरायचे नाहीत. बाहेर फिरणाऱ्या कुणाच्याही हाती पाण्याचा जग द्यायचा नाही, हे मी आता स्पष्ट सांगते. "थोडंच घातलं, पुरवठ्याला यावं म्हणून" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता पिण्याच्या पाण्याचं टेबल सरबताच्या टेबलापासून लांब मांडते.

चारशे माणसांचा हिशोब

अलीकडच्याच एका कार्यक्रमाचा आकडा घेऊ. माणसं ४००. ग्लास २०० मिलीचा, पण काठोकाठ कुणी भरत नाही. १६० मिली धरा. सगळे एक घेतात, काही दोन घेतात, म्हणून माणशी सव्वा ग्लास. ५०० ग्लास गुणिले १६० मिली म्हणजे ८० लिटर. २ लिटरचे ४० जग.

८० लिटरचे सहा भाग केले की कॉन्सन्ट्रेट १३.३ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या १८ बाटल्या. दोन जास्तीच्या घेतल्या, त्या न फोडता टेबलाखाली ठेवल्या. तेवढंच, १३.३ लिटर, पाणी घालून मधलं झालं २६.७ लिटर. उरलेले ५३.३ लिटर म्हणजे जगात जाणारं पाणी आणि बर्फ. साधं पाणी २८ अंशांच्या आसपास होतं, म्हणून वितळणारा बर्फ जगामागे ३५० ग्रॅम, एकूण १४ किलो. ठेवण्यात आणि फोडण्यात वाया जातो म्हणून २० किलो आणला. जगात जाणारं साधं पाणी उरलं ३९ लिटर.

जगावर पट्ट्या डोळ्यांच्या अंदाजाने लावल्या नाहीत. जग वर रुंद आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे उंचीचा तिसरा हिस्सा म्हणजे तिसरा भाग नव्हे. मापाने ६७० मिली पाणी ओतलं, पातळीला पट्टी लावली. मग २ लिटरपर्यंत ओतलं, दुसरी पट्टी. जग एकाच जातीचे असतील तर एकावरून बाकीच्यांना लावता येतात. वेगवेगळे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र मापावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दहा जगांना अर्धा तास पुरतो. स्टीलच्या जगाला बाहेरची पट्टी आतून दिसत नाही. तिथे मी एक बांबूची काडी वापरते, तिच्यावर दोन खाचा. काडी तळाला टेकवली की झालं.

ज्यांना पट्ट्यांचा कंटाळा आहे त्यांनी मधल्यासाठी ६७० मिलीचं एक भांडं ठरवावं आणि तेच शेवटपर्यंत वापरावं. फक्त जग उलटा करायचा नियम तेव्हाही सुटत नाही.

सरबत बरोबर आहे का, हे जिभेशिवाय कसं कळेल

हातातला रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम. गाळलेल्या सरबताचा थेंब काचेवर ठेवला की ब्रिक्सचा आकडा दिसतो, म्हणजे वजनाने विरघळलेल्या साखरेची टक्केवारी. आमच्या सरबताला १२ यायला हवेत. १० पर्यंत मी काही करत नाही, ९ च्या खाली गेला की जग परत. मीठ आणि आंबटपणाही आकडा थोडा वर ढकलतात, म्हणून आधी बरोबर बनवलेल्या जगाचा आकडा घ्यायचा आणि नंतरचे त्याच्याशी ताडायचे. साध्या उपकरणाची पट्टी बहुधा ३२ पर्यंतच असते, त्यामुळे निखळ कॉन्सन्ट्रेट त्यावर मोजता येत नाही. मधलंसुद्धा ३४ च्या आसपास असल्याने पट्टीबाहेर जातं.

उपकरण नसेल तर अरुंद तोंडाची एक लिटरची बाटली आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा पुरतो. बाटली गार पाण्याने अगदी काठापर्यंत भरून तोला. मग रिकामी करून तितक्याच गार, बर्फ आणि गर गाळलेल्या सरबताने काठापर्यंत भरून तोला. बरोबर ताकदीचं सरबत पाण्यापेक्षा साधारण ५० ग्रॅम जास्त भरतं. ३५ ग्रॅमच जास्त भरलं तर ताकद सत्तर टक्क्यांच्या आसपास आलेली आहे. दोन्ही वेळी गारवा सारखा हवा, कारण नुसतं कोमट पाणी आणि गार पाणी यांच्यातच तीन-चार ग्रॅमचा फरक पडतो. बुडबुडे बसू द्या. ही परीक्षा दर जगाची करायची नाही, दर फेरीला एका जगाची पुरे.

रंगावर भरवसा ठेवू नका. दिव्यांच्या उजेडात सगळं सरबत सारखंच सुंदर दिसतं.

बिघडलेला जग सावरायचा तर

पाणचट सरबतात साखर घालणं हा सगळ्यात पहिला सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, आणि विरघळली तरी पाण्याबरोबर पातळ झालेला आंबटपणा नि वास काही परत येत नाही. गोड पाणी तयार होतं. घालायचं ते कॉन्सन्ट्रेटच.

किती, याचा हिशोब सोपा आहे: जेवढं पाणी जास्त झालं त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. अर्धा लिटर पाणी जास्त पडलं असेल तर १०० मिली. मधलं घालायचं असेल तर जास्तीच्या पाण्याच्या निम्मं, म्हणजे २५० मिली, कारण त्याच्यासोबत त्याचं स्वतःचं पाणीही येतं.

निम्म्या ताकदीचा, पट्टीपर्यंत भरलेला २ लिटरचा जग सावरायचा तर २०० मिली कॉन्सन्ट्रेट लागतं. ते मावतं. मधलं मात्र अर्धा लिटर लागेल आणि जग काठावर येईल, हातात धरून चालताना सांडेल. टेबलाखाली न फोडलेल्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या त्या याचसाठी.

आणि लोकांच्या ग्लासात वेगळा बर्फ घालायची मागणी आली तर? सरबत आधीच ८ अंशांवर असेल तर ग्लासातला एखादा खडा पिऊन होईपर्यंत फारसा वितळत नाही, घालू द्या. पण प्रत्येक ग्लासात दोन-तीन खडे घालूनच वाढायचं ठरलं असेल, आणि लोक बोलत बोलत सावकाश पिणारे असतील, तर ते सकाळीच सांगा. तेव्हा मी मधल्यात पाणी कमी घेते: दहा लिटर कॉन्सन्ट्रेटला सहा लिटर पाणी, आणि जगातली पट्टी तीच ठेवते. तेवढ्याच पट्टीत कॉन्सन्ट्रेट पाव हिश्श्याने जास्त जातं. ८० लिटरमागे सव्वातीन लिटरच्या आसपास जास्त लागतं, म्हणजे पाच बाटल्या. त्या आधीच मागवलेल्या हव्यात.